दहा मिलिसेकंदांच्या आत चाक कुठे जातं

सकाळी ८:३०

अहिल्यानगरला वाहनांची चाचणी हा अनोळखी धंदा नाही. संरक्षण संशोधन खात्याची व्हीआरडीई ही वाहनसंस्था इथेच आहे, तिचे चाचणीमार्ग इथेच आहेत आणि त्या कामाच्या आसऱ्याने शहरात मोजमापाची माहिती असलेली माणसंही तयार झाली आहेत. नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या शेडचं काम त्या मानाने फार लहान आहे. एका पोलादी चौकटीत पिकअप गाडीचं एकच चाक बसवलेलं आहे, सोबत त्याची स्प्रिंग आणि शॉकअप. टायरच्या खाली हायड्रॉलिकवर वरखाली होणारा चौथरा आहे. गाडीच्या शरीराची जागा चौकटीने घेतलेली असल्यामुळे वरची बाजू हलत नाही. हलतं ते फक्त चाक.

या चाकाच्या जोडीला संगणकाच्या बोर्डवर त्याचं गणिती मॉडेल चालतं. चौथरा किती उचलला ते मोजून मॉडेलला कळवलं जातं, आणि मॉडेल सांगतं की चाक आता अमुक उंचीवर असायला हवं. खरं चाक त्याहून ५ मिमीपेक्षा जास्त वेगळं वागलं, तर काहीतरी सैल झालं आहे किंवा तुटलं आहे असं समजून पंप बंद करायचा. मोजमापाचे संदेश दर १० मिलिसेकंदांनी येतात, म्हणून मॉडेलही दर १० मिलिसेकंदांनी एक पाऊल टाकतं. हे पाऊल टाकायचं कसं, हे ठरवणं हेच आजचं काम आहे.

सकाळी ९:१५

चहा होईपर्यंत फळ्यावर आकडे मांडून झाले. चाक, ब्रेक आणि धुरा मिळून हलणारं वस्तुमान ४० किलो. टायरची ताठरता मीटरला १,८०,००० न्यूटन, स्प्रिंगची २०,०००. दोन्ही मिळून २,००,०००. शॉकअपचं अवमंदन ८०० न्यूटन-सेकंद प्रतिमीटर. चाकाची उंची आणि चाकाचा वेग या दोन राशी कळल्या की चाकाची सगळी अवस्था कळते. म्हणून स्टेट-स्पेस मॉडेलही दोनच ओळींचं होतं:

```
x' = A x + B u
A = [    0     1 ]      B = [    0 ]
    [ -5000  -20 ]          [ 4500 ]
```

५००० म्हणजे २,००,००० भागिले ४०, २० म्हणजे ८०० भागिले ४० आणि ४५०० म्हणजे १,८०,००० भागिले ४०. `u` ही चौथऱ्याची उंची. या `A`ची आयगेनमूल्यं `-10 ± 70j` येतात. ७० हा आकडा डोलण्याचा आहे: सेकंदाला ७० रेडियन, म्हणजे साधारण ११ हेलकावे. १० हा आकडा विरण्याचा आहे. हेलकाव्याची उंची `exp(-10t)` या दराने कमी होत जाते. खऱ्या गाडीत खड्ड्यावरून गेल्यावर चाक जे थरथरतं, ते साधारण याच गतीने.

सकाळी १०:००

ग्राहकाने स्वतःचा कोड पाठवला आहे. त्यात ऑयलरची पुढे जाणारी पद्धत वापरली आहे: आत्ताचा वेग आणि आत्ताचं त्वरण घ्यायचं, त्यांना पावलाच्या कालावधीने गुणायचं आणि जुन्या अवस्थेत मिळवायचं. मॅट्रिक्सच्या भाषेत `Ad = I + AT`, `Bd = BT`. ग्राहकाकडे तो कोड टेबलावरच्या संगणकावर १ मिलिसेकंदाच्या पावलाने चालत होता आणि आलेख नीट दिसत होता. आमच्या बोर्डवर पाऊल १० मिलिसेकंदांचं आहे.

पंप न लावता कोरडी चाचणी घेतली. चौथरा एकदम २० मिमी उचलला गेला असं कागदोपत्री धरलं. चाकाने थरथरत शेवटी १८ मिमीवर स्थिरावायला हवं, कारण स्प्रिंग आणि टायर यांच्यात उंचीची वाटणी १८ आणि २ अशी होते. या समीकरणाचं अचूक उत्तर सूत्राने लिहिता येतं, त्यामुळे तुलनेला खऱ्या चाकाची गरज पडली नाही.

| वेळ (मिसे) | अचूक उंची (मिमी) | ऑयलर (मिमी) |
|---|---|---|
| १० | ४.० | ० |
| २० | १३.४ | ९.० |
| ३० | २३.१ | २५.२ |
| ४० | २८.८ | ४२.७ |
| ५० | २८.८ | ५३.० |

पहिल्या पावलाला ऑयलरचं चाक हललेलंच नाही. चौथरा उचलला त्या क्षणी वेग शून्य होता आणि पुढचे पूर्ण १० मिलिसेकंद तो शून्यच धरला गेला. पाचव्या पावलाला तेच चाक ५३ मिमीवर पोहोचलं. खऱ्या समीकरणात ते साडेएकोणतीस मिमीच्या वर कधी जातच नाही. त्यानंतरही ऑयलरचा हेलकावा विरत नाही. दर पावलाला तो १.१४ पट होतो, आणि एका सेकंदात सुमारे पाच लाख पट.

सकाळी ११:००

आमच्याकडे नुकतीच रुजू झालेली इंजिनिअर मुलगी फळ्यासमोर उभी होती. तिने विचारलं, "सर, शॉकअप तर मॉडेलमध्ये आहे. मग ऊर्जा येते कुठून?"

मी फळ्यावर वर्तुळ काढलं. शॉकअप नसता आणि उंची व वेग योग्य मापाने मांडले, तर चाकाची अवस्था या वर्तुळावरून फिरत राहिली असती. ऑयलर प्रत्येक पावलाला वर्तुळाच्या स्पर्शरेषेवरून सरळ चालतो. स्पर्शरेषेवरून कितीही छोटं पाऊल टाकलं तरी आपण वर्तुळाच्या बाहेरच पोहोचतो. पायथागोरसचं प्रमेय तेच सांगतं. म्हणजे ऑयलर दर पावलाला अवस्थेला बाहेर फेकतो आणि शॉकअप तिला आत ओढतो. या ओढाताणीत कोण जिंकेल, हे पावलाच्या लांबीवर ठरतं.

हे आकड्यांत पाहायला एकच ओळ पुरते. एका पावलाला हेलकावा किती पट होतो, ते `|1 + λT|` वरून कळतं. १० मिलिसेकंदांना `λT = -0.1 + 0.7j`, म्हणून `1 + λT = 0.9 + 0.7j`. त्याच्या परिमाणाचा वर्ग ०.८१ अधिक ०.४९, म्हणजे १.३०, आणि मूळ १.१४. शॉकअपने ०.९ पर्यंत आत ओढलं होतं, पण ०.७ च्या बाजूच्या फेकीने ते सगळं पुसून टाकलं.

तिने लगेच ४ मिलिसेकंद करून पाहिलं. `0.96 + 0.28j`. वर्ग ०.९२१६ अधिक ०.०७८४, बेरीज बरोबर १. "म्हणजे ४ मिलिसेकंदांना शॉकअप नसल्यासारखंच," ती म्हणाली. तसंच आहे. या चाकासाठी ऑयलरची सीमा ४ मिलिसेकंदांची आहे. त्यावर हेलकावा वाढतो, त्याखाली विरतो. सूत्र `T < 2σ/|λ|²`, इथे `20/5000`. अवमंदन जितकं कमी, तितकी ही सीमा अरुंद. शॉकअप अर्धा झिजला, तर सीमाही अर्धी होते.

दुपारी १२:००

आता अचूक पाऊल. ऑयलर पूर्ण १० मिलिसेकंद वेग आणि त्वरण गोठवतो. पण तेवढ्या वेळात चाक आपल्या हेलकाव्याचा ०.७ रेडियन, म्हणजे ४० अंशांचा भाग चालून जातं. एवढ्या वळणात वेग स्थिर राहत नाही. अचूक पद्धत चाकाची अवस्था गोठवत नाही, ती तिच्या स्वतःच्या नियमाने मधल्या वेळातही चालू देते. गोठवते ते फक्त चौथऱ्याची उंची, एका मोजमापापासून पुढच्या मोजमापापर्यंत. तेवढं गृहीत धरलं की समीकरण पूर्ण सुटतं आणि उत्तरात मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल येतो:

```
Ad = exp(AT) = I + AT + (AT)²/2 + (AT)³/6 + ...
Bd = ∫ exp(As) ds · B      (0 ते T)
```

या मालिकेचं पहिलं आणि दुसरं पद म्हणजेच ऑयलर. पुढची पदं एकेक करून मिळवत गेलं की काय होतं, ते हाताने करून पाहिलं. `Ad`चा वरचा डावा आकडा ऑयलरमध्ये १ आहे. वर्गाचं पद मिळवलं की तो ०.७५ होतो, घनाचं मिळवलं की ०.७६६७, आणि शेवटी ०.७७५३ वर थांबतो. खालचा डावा आकडा −५०, मग −४५, मग −४१.१७, आणि अखेर −४१.६४. म्हणजे ऑयलरने सोडून दिलेल्या पदांतलं वर्गाचं एकटं पदच चूक बरीचशी दुरुस्त करतं.

बोर्डसाठीचे आकडे मात्र संगणकावरच काढायचे. `Bd`साठी अनेक पुस्तकांत `A`चा व्यस्त वापरलेला असतो. आमच्या `A`ला व्यस्त आहे, पण स्प्रिंग नसलेल्या किंवा नुसतं बेरीज करत जाणाऱ्या यंत्रणेत तो नसतो, आणि मग ते सूत्र कोसळतं. त्यापेक्षा `A` आणि `B` एकाच मोठ्या मॅट्रिक्समध्ये ठेवून एकदाच एक्स्पोनेन्शियल घेणं निर्धोक आहे:

```python
import numpy as np
from scipy.linalg import expm

A = np.array([[0, 1], [-5000, -20]])
B = np.array([[0], [4500]])
T = 0.01

M = np.zeros((3, 3))
M[:2, :2] = A
M[:2, 2:] = B
E = expm(M * T)
Ad, Bd = E[:2, :2], E[:2, 2:]
```

उत्तर असं येतं:

```
Ad = [   0.7753   0.00833 ]     Bd = [  0.2022 ]
     [ -41.64     0.6088  ]          [ 37.47   ]
```

`expm` ऐवजी `np.exp` लिहिलं, तर मॅट्रिक्समधल्या प्रत्येक आकड्याचा वेगवेगळा घातांक निघतो. ती पूर्णपणे दुसरी गोष्ट आहे, आणि संगणक त्याबद्दल काही बोलत नाही. म्हणून आम्ही दोन तपासण्या ठेवल्या आहेत. `Ad`ची आयगेनमूल्यं `exp(λT)` इतकीच यायला हवीत. त्यांचं परिमाण ०.९०४८, म्हणजे `exp(-0.1)`. दुसरी तपासणी स्थिर अवस्थेची: चाक १८ मिमीवर आणि चौथरा २० मिमीवर ठेवून एक पाऊल टाकलं, तर चाक १८ वरच राहायला हवं. हातानेही ते दिसतं: १८ × ०.७७५३ अधिक २० × ०.२०२२ बरोबर १८.

बोर्डवरचं काम यामुळे जराही वाढत नाही. ऑयलरलाही दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करावा लागतो, अचूक पद्धतीलाही तोच. एक्स्पोनेन्शियल काढण्याचं कष्टाचं काम सुरुवातीला एकदाच होतं.

दुपारी १:३०

डबे उघडले. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाताना फिटरमामांनी नेमका मुद्द्याचा प्रश्न टाकला. "साहेब, ग्राहकाचा कोड १ मिलिसेकंदाला चालतोय ना? मग दहा छोटी पावलं टाकू द्या की त्याला. तुम्हाला कशाला एवढा उपद्व्याप?"

कोड तसा चालेल, हेलकावा फुगणार नाही. पण "फुगत नाही" आणि "बरोबर आहे" यांच्यात अंतर आहे, आणि ते जेवणानंतर चाकावरच दाखवता येणार होतं.

दुपारी २:१५

चौथरा स्थिर ठेवला. टायर जमीन सोडू नये म्हणून चाकावर आधीच पुरेसा भार दाबून ठेवलेला आहे. मामांनी चाक जॅकने थोडं उचलून अडकवणीत धरलं आणि अडकवणी एकदम सोडली. चाक थरथरून शांत झालं. उंचीच्या नोंदीत लागोपाठच्या दोन शिखरांची उंची एकमेकांशी १ ला ०.४१ या प्रमाणात होती आणि त्यांच्यात ९० मिलिसेकंदांचं अंतर होतं. या दोन आकड्यांवरून विरण्याचा दर थेट निघतो. ०.४१ चा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन, ऋण चिन्ह सोडून, ०.०९ ने भागलं की जवळजवळ १० येतात. म्हणजे शॉकअपचं अवमंदन ८००.

मग हीच नोंद ग्राहकाच्या कोडला दिली आणि सांगितलं, अवमंदनाचा आकडा असा निवड की तुझा हेलकावा या नोंदीसारखा विरेल. १ मिलिसेकंदाच्या पावलाने त्याने ९९२ निवडला. २ मिलिसेकंदांच्या पावलाने ११८४. पावलाची लांबी बदलली म्हणून शॉकअप बदललेला नाही, पण कोडच्या दृष्टीने तो आधी २४ टक्क्यांनी आणि मग जवळजवळ दीडपट दमदार झाला.

कारण सकाळच्या वर्तुळातच आहे. ऑयलर दर पावलाला हेलकावा बाहेर फेकतो, म्हणून त्याच्या मॉडेलमध्ये शॉकअप असतो त्यापेक्षा दुबळा भासतो. खरा दर १० असताना १ मिलिसेकंदाच्या ऑयलरमध्ये तो ७.६ उरतो, २ मिलिसेकंदांना ५. अगदी ०.१ मिलिसेकंदालाही ९.७६ च. मोजमापाशी जुळवून घ्यायला सांगितलं की हा तोटा भरून काढण्यासाठी कोड शॉकअपचा आकडा फुगवतो. आलेख मोजमापावर तंतोतंत बसतो आणि त्या आलेखात चूक दिसतच नाही. ती आकड्यात लपते, आणि तो आकडा शॉकअप निवडणाऱ्या माणसाकडे जातो. प्रत्यक्ष ८०० चा शॉकअप ९९२ चा समजून गाडीत बसवला, तर खड्ड्यावर चाक अपेक्षेपेक्षा जास्त वेळ उड्या मारत राहील.

अशी शंका आली, तर ओळखण्याचा मार्ग सोपा आहे. पाऊल अर्धं करून तीच जुळवणी पुन्हा करायची. आकडा हलला, तर तो शॉकअपचा नाही, पद्धतीचा आहे. अचूक पद्धतीने आम्ही १, २ आणि १० मिलिसेकंदांनी जुळवणी केली. तिन्ही वेळा ८००.

मामांनी आकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे जुळलं म्हणून खरं असतं असं नाही."

दुपारी ४:००

आता पंप लावून खरी चाचणी. चौथरा सेकंदाला सुमारे ११ वेळा वरखाली होऊ लागला, आणि पहिल्याच मिनिटात मॉडेल व चाक यांच्यातला फरक ५ मिमीच्या वर गेला. पंप आपोआप थांबला. बोल्ट तपासले, सगळे घट्ट होते. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तेव्हा दिसलं की उंची बरोबर आहे, पण मॉडेल चाकाच्या मागे पडतं आहे, साधारण २० अंशांनी.

अचूक पद्धत कशाच्या बाबतीत अचूक आहे, हे इथे ध्यानात ठेवावं लागतं. चाकाची हालचाल ती काटेकोर सोडवते, पण दोन मोजमापांच्या मध्ये चौथरा स्थिर होता असं धरून. इनपुट बोर्डनेच दिलेलं असतं, एखाद्या मोटरचा व्होल्टेज असता, तर ते खरंच पायऱ्यापायऱ्यांनी बदललं असतं आणि गृहीतक शब्दशः खरं ठरलं असतं. इथे इनपुट म्हणजे मोजलेला चौथरा, आणि तो सलग हलतो. सलग हलणाऱ्या वस्तूला पायऱ्यांनी दाखवलं की सरासरीने ती अर्ध्या पावलाने उशिरा दिसते. अर्धं पाऊल ५ मिलिसेकंद, आणि या चाकासाठी ५ मिलिसेकंद म्हणजे बरोबर २० अंश.

उपाय त्याच चौकटीत आहे. दोन मोजमापांच्या मध्ये चौथरा सरळ रेषेत सरकला असं धरायचं. मग इनपुटची दोन मूल्यं लागतात, मागचं आणि आताचं. मोठ्या मॅट्रिक्समध्ये आणखी एक ओळ आणि एक स्तंभ वाढवून पुन्हा एकदाच `expm` घेतला, की तिन्ही मॅट्रिक्स मिळतात. चाकावर नजर ठेवायची असल्यामुळे ताजं मोजमाप हातात येईपर्यंत थांबणं आम्हाला चालतं. तेवढा बदल केला आणि चाचणी पुन्हा सुरू केली. मागे पडणं गेलं, फरक १ मिमीच्या आत आला.

संध्याकाळी ५:१५

तासभर चाक हलल्यावर शॉकअपला हात लावला, तर चांगला तापला होता. तेल तापलं की पातळ होतं आणि अवमंदन उतरतं. मोकळं सोडून पुन्हा मोजलं. शिखरांचं प्रमाण ०.४१ ऐवजी ०.५ झालं होतं, म्हणजे अवमंदन ६२० च्या आसपास.

नव्या मुलीने विचारलं, "सर, `Ad`मधला शॉकअपचा आकडा कोणता? तेवढाच बदलते."

ऑयलरच्या मॅट्रिक्समध्ये असा एक आकडा सापडतो. खालचा उजवा, ०.८, म्हणजे १ वजा `cT/m`. अचूक मॅट्रिक्समध्ये शॉकअप चारही आकड्यांत मिसळलेला असतो. अवमंदन ६२० झालं की ०.६०८८ चे ०.६४० होतात, पण ०.७७५३ चे ०.७७२ आणि −४१.६४ चे −४२.६ पण होतात. एखादाच आकडा हाताने बदलला, तर त्या मॅट्रिक्सला कोणतंच खरं चाक लागू पडत नाही. बदल नेहमी `A`मध्ये करायचा आणि एक्स्पोनेन्शियल पुन्हा घ्यायचा. हेच `T`बाबतही. संदेश १० ऐवजी १२ मिलिसेकंदांनी येऊ लागले, तर ऑयलरला `T` बदलून पुरतं, पण साठवलेलं `Ad` त्या क्षणापासून चुकीचं ठरतं.

ऑयलरची जागा कुठे आहे, तेही तिला सांगितलं. शॉकअप दबताना आणि ताणला जाताना सारखं बळ देत नाही, बहुतेक वेळा ताणताना जास्त देतो. तो फरक मॉडेलमध्ये आणायचा तर समीकरण रेषीय राहत नाही आणि एकच `exp(AT)` कामाला येत नाही. तिथे छोट्या पावलांनी चालणं भाग आहे, आणि ऑयलरपेक्षा वरच्या दर्जाची पद्धत निवडली तर उत्तम. चाकाने टायरसकट जमीन सोडली, तरीही हेच लागू. आमच्या मांडणीत भार दाबलेला आहे आणि हालचाल लहान आहे, म्हणून रेषीय मॉडेल पुरतं.

संध्याकाळी ६:३०

ग्राहकाला पाठवायचं टिपण लिहून झालं. त्यात चार गोष्टी आहेत. अवमंदनाचा आकडा ९९२ नाही, ८०० आहे, आणि तो शॉकअप थंड असतानाचा आहे. बोर्डवर साठवायचे ते `A`, `B` आणि `T`. `Ad` आणि `Bd` बोर्ड सुरू होताना त्यांच्यापासून काढायचे आणि आयगेनमूल्यं `exp(λT)`शी ताडून पाहायची. चौथऱ्याचं इनपुट सरळ रेषेने सरकतं असं धरायचं, पायरीने नाही. आणि शॉकअपची चाचणी तासापेक्षा जास्त चालली, तर अवमंदन पुन्हा मोजून मॉडेल नव्याने बनवायचं, नाहीतर निरोगी चाकावरच पंप थांबत राहील.

उद्या मागच्या धुऱ्याचं चाक चौकटीत चढेल. तिथे स्प्रिंगऐवजी कमानपाटे आहेत आणि वस्तुमान जास्त आहे. आयगेनमूल्यं बदलतील, ऑयलरची सीमाही बदलेल. अचूक पाऊल मात्र तेच १० मिलिसेकंदांचं राहील.